कॅप्टनचा कै. होऊ नये म्हणून : पत्रिकेवर फौजी आणि पोलीस हुद्दे कसे लिहायचे

प्रश्न : धाकट्या भावाचं लग्न आहे, पत्रिका छापायला द्यायची आहे. भाऊ नौदलात लेफ्टनंट कमांडर आहे, होणारी वहिनी आर्मीत डॉक्टर, कॅप्टन. बाबा सुभेदार मेजर होते, ऑनररी कॅप्टन होऊन रिटायर झाले. काका पोलिसात एपीआय होते, तेही रिटायर. आणि मामांना गावात सगळे मेजर म्हणतात. हे हुद्दे नावापुढे कसे लावायचे, शॉर्टफॉर्म चालतो का, आणि रिटायर्ड नेमकं कुठे लिहायचं? प्रेसवाला म्हणतो कसंही चालतं.

उत्तर :

प्रेसवाल्याला चालतं हो, कारण पत्रिका वाटायला त्याला जायचं नसतं. मी बावीस वर्षं फौजेत क्लर्क होतो, म्हणजे बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त, आणि आता साताऱ्यात बसून पत्रिका, फ्लेक्स, स्मरणिका यांची प्रुफं तपासतो. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे तुमच्यासारखी पत्रिका महिन्याला एक-दोन तरी येतेच.

शॉर्टफॉर्मचं आधी सांगतो, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच होतो. चार-पाच वर्षांपूर्वी एका लग्नाची पत्रिका छापून आली, हजार कॉपी, सोनेरी बॉर्डर वगैरे. मुलाचे वडील ऑनररी कॅप्टन, चांगले ठणठणीत, रोज सकाळी पाच किलोमीटर चालणारे. निमंत्रक म्हणून त्यांचं नाव छापायचं होतं "कॅ. पांडुरंग अमुक". ऑपरेटरने जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला, त्यात कॅ वरचा चंद्र उडाला आणि त्या जागी दोन मात्रा बसल्या. छापलं गेलं "कै. पांडुरंग अमुक". आता मराठी माणसाला कै. म्हणजे काय ते शिकवायला नको. पहिल्या दिवशी दहा-बारा पत्रिका वाटल्या गेल्या आणि संध्याकाळी दोन नातेवाईक पांढरी टोपी घालून दारात हजर, दार उघडायला स्वतः कॅप्टनसाहेब. ते हसले, पण त्यांची बायको नाही हसली, तिने सगळा गठ्ठा चुलीत घातला.

त्या दिवसापासून माझा नियम आहे की मराठी पत्रिकेत "कॅ." लिहायचंच नाही, कॅप्टन पूर्ण लिहायचं. जागा किती वाचते हो, दोन अक्षरांची. आणि हे फक्त मराठीतच होतं असं नाही. इंग्रजी पत्रिकेत लेफ्टनंटसाठी एल आणि टी ही दोन अक्षरं लिहितात, आणि आपल्याकडे बरेच लोक "लेट" म्हणजे स्वर्गीय या शब्दालाही हीच दोन अक्षरं वापरतात, लेट श्री अमुक असं. त्यामुळे बिचारा तरणाबांड लेफ्टनंट कर्नल वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे "कैलासवासी कर्नल" होतो. मेजरचं तर आणखीनच, मराठीत "मे." म्हणजे मेसर्स, दुकानाच्या पाटीवरचं. "मे. विनायक जाधव" असं लिहिलं तर वाचणारा म्हणेल काय विकतात हे? आणि "क." म्हणजे कर्नल हे तर फौजेतल्या माणसालासुद्धा लवकर कळत नाही.

फौजेच्या आतल्या कागदांवर शॉर्टफॉर्म सर्रास असतात, मी आयुष्यभर तेच टाइप केलेत, पण तिथली पद्धत वेगळी आहे. आतल्या इंग्रजी लिखाणात हुद्द्याच्या शॉर्टफॉर्ममध्ये पूर्णविराम देतच नाहीत, नुसती अक्षरं आणि मध्ये एक मोकळी जागा. आम्ही टिंब दिलं की हेडक्लर्कसाहेब लाल पेनने गोल करायचे. आणि वाचणारा प्रत्येकजण वर्दीतलाच असतो, त्यामुळे गोंधळ होत नाही. पत्रिका वाचणार तुमची आत्या आणि शेजारचे गुरुजी, त्यांच्यासाठी पूर्ण शब्द. फार लांबच होत असेल तर फक्त "ले. कर्नल", "ले. जनरल" एवढं चालतं, तिथे पुढचा शब्द आख्खा असल्यामुळे चूक होत नाही.

आता "नावापुढे" म्हणजे कुठे, हा एक गमतीचा प्रश्न आहे. आपण म्हणतो नावापुढे डॉक्टर लागलं, म्हणजे खरं तर नावाच्या आधी. पण काही लोक पुढे म्हणजे उजवीकडे समजतात, म्हणून मी प्रेसला सांगताना नेहमी "नावाच्या डावीकडे" असंच सांगतो. तर फौजी हुद्दा नावाच्या डावीकडे येतो, कर्नल अमुक, सुभेदार अमुक, आणि बाकी सगळं, म्हणजे निवृत्त, सेनादलाचं नाव, पदकं, हे उजवीकडे जातं. हुद्द्याच्या आधी श्री. लावायचं नाही. "श्री. कर्नल" किंवा "कर्नल श्री." दोन्ही कानाला खटकतं, हुद्दा आला की श्री. जातो.

निवृत्त शब्द नेमका कुठे यावर लोकांचं भांडण होतं. वर्तमानपत्रात तुम्हाला "निवृत्त कर्नल अमुक" दिसेल, मराठीत ते ओघात येतं, चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण फौजेची स्वतःची पद्धत "कर्नल अमुक (निवृत्त)" अशी आहे, आधी हुद्दा, मग नाव, मग कंसात निवृत्त. त्यांचं म्हणणं असं की माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. "कर्नल (निवृत्त) अमुक" असं मधोमध घुसडलेलं मात्र जुन्या अधिकाऱ्यांना अजिबात आवडत नाही. आणि "माजी कर्नल" तर चुकूनही नाही, माजी आमदार असतो, माजी सरपंच असतो, माजी सैनिकही असतो कारण सैनिक हा हुद्दा नाही, पण माजी कर्नल म्हटलं की हुद्दा काढून घेतल्यासारखं वाटतं.

पोलिसांचं असं नाही, आणि इथे तुमच्या काकांचा विषय येतो. आपल्या राज्यघटनेचं कलम १८ आहे, त्यात सरकारने किताब द्यायचे नाहीत असं म्हटलंय, पण लष्करी आणि शैक्षणिक सन्मान त्यातून वगळलेत. म्हणजे कर्नल आणि डॉक्टर हे नावाला चिकटून राहू शकतात. (पद्मश्री नावाआधी लावू नये असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय ते याच कलमावरून, तरी निम्म्या पत्रिकांवर ते डावीकडेच असतं, असो.) पोलिसातलं पद हे पदनाम आहे, तहसीलदार किंवा गटशिक्षणाधिकारी असतं तसं. नोकरी आहे तोपर्यंत ते पद, नोकरी संपली की माणूस परत श्री. अमुक. म्हणून पोलिसांच्या बाबतीत "श्री. अमुक, पोलीस निरीक्षक, तमुक पोलीस ठाणे" ही सगळ्यात चोख पद्धत. बातमीत "पोलीस निरीक्षक अमुक" असं आधी येतं ते चालतं, कारण तिथे तो माणूस त्या पदावरून बोलत असतो. आणि निवृत्त असेल तर पत्रिकेत "श्री. अमुक (निवृत्त सहायक पोलीस निरीक्षक)". इथे निवृत्त हा शब्द पदाच्या आधी आला तरी बिलकुल खटकत नाही, कारण पद खरोखरच मागे सुटलंय.

पोलिसांचे मराठी शॉर्टफॉर्म हा आणखी एक खड्डा. तुमचे काका एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, म्हणजे सपोनि. एएसआय म्हणजे सहायक पोलीस उपनिरीक्षक, ते सपोउनि. दोघांमध्ये फरक एका "उ" चा. पण तो उ म्हणजे मध्ये एक आख्खं पद, कारण एएसआयच्या वर पीएसआय म्हणजे उपनिरीक्षक, आणि त्याच्या वर एपीआय, आणि मग पीआय. ऑपरेटरच्या हातून उ जास्तीचा पडला की काका दोन पायऱ्या खाली आले. तसंच "पो.ना." आणि "पो.नि.", एक पोलीस नाईक आणि एक पोलीस निरीक्षक, फरक एका मात्रेचा. पोलीस नाईक हे पद महाराष्ट्रात २०२२ मध्ये बंद झालं, आता शिपायाचं प्रमोशन थेट हवालदार म्हणून होतं, पण जे नाईक म्हणून आधीच रिटायर झालेत ते नाईकच राहतात, त्यांना आपल्या मनाने हवालदार करू नका. स्टेशन डायरीत, बातमीत हे शॉर्टफॉर्म ठीक आहेत, तिथे ते रोजचेच आहेत, पत्रिकेत आणि सत्काराच्या स्मृतिचिन्हावर मात्र पूर्ण लिहा. स्मृतिचिन्हावर एकदा कोरलेला "उ" परत खोडता येत नाही.

आणि फौजदार म्हणायचं का? गावात पीएसआयला फौजदार म्हणतात, एएसआयला सहायक फौजदार, बोलायला छान आहे, कागदावर पोलीस उपनिरीक्षक. विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, मुंबईत वरिष्ठ पोलीस निरीक्षक, पण हे दोन्ही त्या खुर्चीचं नाव आहे, वरिष्ठचाही हुद्दा पोलीस निरीक्षकच, आणि ठाणेदार तर लहान ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षकही असतो. जिल्ह्यातला डीवायएसपी आणि आयुक्तालयातला एसीपी यांचंही तसंच, एकाच दर्जाचे अधिकारी, एक पोलीस उपअधीक्षक आणि दुसरा सहायक पोलीस आयुक्त. त्याच्या वरती एसपी म्हणजे पोलीस अधीक्षक आणि डीसीपी म्हणजे पोलीस उपायुक्त. म्हणून प्रमुख पाहुण्यांमध्ये कोणी पोलीस अधिकारी असतील तर आधी विचारायचं की साहेब आत्ता कुठे आहेत, पुणे शहर म्हणजे आयुक्तालय, तिथे अधीक्षक लिहिलं तर ते चूक आणि पुणे ग्रामीणला उपायुक्त लिहिलं तर तेही चूक. अधिकारी आयपीएस असतील तर "भा.पो.से." हे नावाच्या उजवीकडे, स्वल्पविराम देऊन.

जाता जाता स्पेलिंग पण सांगून टाकतो, सरकारी कागदावर "पोलीस" दीर्घ असतं, तेच ठेवा, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतं, पोलिसांनी, पोलिसाला. तुम्ही प्रश्नात "पोलिसात" बरोबर लिहिलंयत. एकाच पत्रिकेत वर पोलिस आणि खाली पोलीस असं दिसलं की मला झोप येत नाही.

आता नवरदेव. लेफ्टनंट कमांडर. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे नातेवाईक प्रेमाने "कमांडर" एवढंच छापतात, बोलताना तसं म्हणतातही, जसं लेफ्टनंट कर्नलला तोंडावर कर्नलसाहेब म्हणतात आणि मेजर जनरललासुद्धा जनरलसाहेब. बोलण्यात तो मान आहे, छापण्यात ती बढती आहे. कमांडर हा त्याच्या वरचा हुद्दा, आणि लग्नात त्याचे सीओ म्हणजे कमांडिंग ऑफिसर आले तर पोरगा ओशाळून जाईल. दुसरी चूक म्हणजे लेफ्टनंट पाहिलं की लोक समजतात हा आर्मीच्या लेफ्टनंटएवढा, म्हणजे नवरी कॅप्टन म्हणजे ती सीनियर. तसं नाहीये. नौदलातला साधा लेफ्टनंट हा आर्मीच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि लेफ्टनंट कमांडर हा मेजरच्या बरोबरीचा. म्हणजे तुमचा भाऊ वहिनीपेक्षा एक पायरी वर आहे, निदान पत्रिकेत तरी.

कॅप्टन हा शब्द तर इतक्या लोकांनी वाटून घेतलाय की विचारू नका. आर्मीचा कॅप्टन म्हणजे खालून दुसरा अधिकारी, पंचविशीतला पोरगा. नौदलाचा कॅप्टन म्हणजे कमांडरच्या वरचा, आर्मीच्या कर्नलच्या बरोबरीचा, केस पांढरे झालेला माणूस. मर्चंट नेव्हीचा कॅप्टन म्हणजे व्यापारी जहाजाचा मास्टर, तो सेनादलातला नाहीच. विमान कंपनीचा पायलटही कॅप्टन. एनसीसी बघणारे कॉलेजचे प्राध्यापकही कॅप्टन, त्यांना एनसीसीतला हुद्दा मिळतो, शाळेतल्या शिक्षकांना फर्स्ट ऑफिसर, सेकंड ऑफिसर असे आणि कॉलेजातल्यांना लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे. आणि हवाई दलात तर नुसता कॅप्टन नाहीच, तिथे ग्रुप कॅप्टन, तोही कर्नलच्या बरोबरीचा. सचिन तेंडुलकरला २०१० मध्ये हवाई दलाने मानद ग्रुप कॅप्टन केलं, आता तिथे "ग्रुप" गाळलं तर लोकांना वाटेल क्रिकेट टीमचा कॅप्टन म्हणताहेत.

यावर उपाय साधा आहे, नावाच्या उजवीकडे स्वल्पविराम देऊन सेनादल लिहायचं. "कॅप्टन अमुक, भारतीय नौदल". इंग्रजीत नौदलवाले आय-एन ही दोन अक्षरं लावतात त्यासाठीच. एनसीसीवाल्यांनी "कॅप्टन अमुक, एनसीसी अधिकारी" असं लिहावं, प्राध्यापक मंडळी "कॅप्टन प्रा. डॉ." अशी आगगाडी लावतात आणि एनसीसी गाळतात, ते मला पटत नाही, तो हुद्दा त्यांनी मेहनतीने मिळवलेला असतो पण तो एनसीसीचा आहे हे सांगायला लाजायचं काय कारण.

वहिनी डॉक्टर आहेत. आर्मीत डॉक्टरला वेगळा हुद्दा नाही, ती नुसती कॅप्टन, आर्मी मेडिकल कोरची. घरच्यांना डॉक्टर हवंच असतं, एवढं शिकवलंय पोरीला, तर मग "कॅप्टन (डॉ.) अमुक" असं कंसात घ्या, ते रूढ आहे. नौदलात असत्या तर मात्र "सर्जन" हा शब्द हुद्द्याचाच भाग असतो, सर्जन लेफ्टनंट असं, तो गाळायचा नाही आणि त्याचा अर्थ ऑपरेशन करणारा असाही नाही, नौदलातला प्रत्येक डॉक्टर सर्जन. लग्नानंतरच्या कार्यक्रमांत एक काळजी घ्या, "सौ. कॅप्टन अमुक" असं लिहिलं तर अर्थ होतो कॅप्टनची बायको. त्या स्वतः कॅप्टन आहेत, तर हुद्दा आधी आणि सौ. काढूनच टाका.

पत्रिकेत चि. आणि चि. सौ. कां. तर हवंच, आजी ऐकणार नाही. तिथे हुद्दा नावाच्या आधी कोंबू नका, "चि. लेफ्टनंट कमांडर" असं वाचायला विचित्र लागतं, आशीर्वाद द्यायचा की सलाम करायचा तेच कळत नाही. नाव आपलं घरच्यासारखं मोठ्या अक्षरात, आणि खाली लहान अक्षरात कंसात हुद्दा आणि सेनादल.

आता बाबा. सुभेदार मेजर आणि ऑनररी कॅप्टन, हे नीट समजून घ्या कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. जेसीओ लोकांना, म्हणजे सुभेदार, सुभेदार मेजर यांना, २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हुद्दा जाहीर होतो. मोजक्यांनाच मिळतो, शिपायापासून तिथपर्यंत चढायला उभं आयुष्य जातं. नोकरीत असेपर्यंत दोन्ही लिहितात, सुभेदार मेजर आणि ऑनररी कॅप्टन. निवृत्तीनंतर "ऑनररी कॅप्टन अमुक (निवृत्त)" एवढं पुरे. काहीजण ऑनररी गाळून नुसतं कॅप्टन लिहितात, मुलांना वाटतं वडिलांचा मान वाढला. माझं मत उलटं आहे. नुसता कॅप्टन हुद्दा दोनेक वर्षांच्या नोकरीतच मिळतो, ऑनररी कॅप्टन म्हणजे अठ्ठावीस-तीस वर्षं घासली तेव्हा मिळालेला. फौजेतला माणूस ते ऑनररी वाचूनच उठून उभा राहतो. मराठीत "मानद कॅप्टन" लिहिलं तरी चालतं, पण मानद म्हटलं की लोकांना तेंडुलकर, धोनी आठवतात (धोनी २०११ पासून टेरिटोरियल आर्मीत मानद लेफ्टनंट कर्नल आहे), म्हणून मी तरी ऑनररीच ठेवतो, गावात तोच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे.

बाबा रणगाड्याच्या रेजिमेंटमध्ये होते का हेही एकदा विचारा. तिथे सुभेदाराला रिसालदार म्हणतात, हवालदाराला दफादार, शिपायाला सवार. हुद्दा तोच, नाव वेगळं, आणि ती माणसं त्या नावाच्या बाबतीत फार हळवी असतात. तोफखान्यात शिपायाला गनर, इंजिनियर्समध्ये सॅपर.

जुने फोटो, सनद वगैरे शोधताना दोन वेगळे हुद्दे सापडले तर घाबरू नका. नोकरीत हुद्दा बदलत जातो, प्रश्न एवढाच की तुम्ही कोणत्या वेळेबद्दल लिहिताय. राम राघोबा राणे यांना १९४८ च्या कामगिरीसाठी परमवीर चक्र मिळालं तेव्हा ते बॉम्बे सॅपर्समध्ये सेकंड लेफ्टनंट होते, आणि निवृत्त झाले मेजर म्हणून. त्या लढाईबद्दल लिहिताना सेकंड लेफ्टनंट राणे, आणि त्यांचं एरवी नाव घेताना मेजर राणे, दोन्ही बरोबर. (सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा आता नाही, कमिशन मिळताना थेट लेफ्टनंट होतात.) तसंच पणजोबांच्या कागदावर "जमादार" दिसलं तर ते झाडूवाले जमादार नव्हेत, आताच्या नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणायचे. पदक असेल तर ते नावाच्या उजवीकडे, निवृत्तच्या आधी. बाबांना सेना मेडल वगैरे असेल तर "ऑनररी कॅप्टन अमुक, सेना मेडल (निवृत्त)".

राहिले मामा. आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात सुट्टीवर आलेला प्रत्येक फौजी "मेजर" असतो. पानाच्या टपरीवर "या मेजर", एसटीत कंडक्टर "सरका मेजर". पोलीस हवालदारालाही लोक मेजर म्हणतात. हे आलं कुठून तर माझ्या मते हवालदार मेजरवरून, कंपनीत एक हवालदार कंपनी हवालदार मेजर असतो, शिस्त, परेड, ड्यूट्या सगळं तोच बघतो, त्याला सगळे मेजर म्हणून हाक मारतात. पण ती नेमणूक आहे, हुद्दा हवालदारच. आणि मेजर हा हुद्दा म्हणजे कॅप्टनच्या वरचा अधिकारी. मामांचं नाव "मेजर" म्हणून छापलं आणि पंगतीत खराखुरा मेजर शेजारी बसला, नवरदेवाच्या मित्रांमध्ये दोन-चार असणारच, की तो सहज विचारतो सर कोणत्या बॅचचे, आणि मामांची पंचाईत. मी हे होताना पाहिलंय, मामा जेवण अर्धं टाकून उठले.

म्हणून मामांना विचारायला संकोच वाटत असेल तर त्यांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र बघा, जिल्हा सैनिक कार्यालयातून मिळतं ते, त्यावर हुद्दा लिहिलेला असतो. किंवा डिस्चार्ज बुक, किंवा पेन्शनची पीपीओ. पीपीओत कधी कधी हुद्द्याचे दोन रकाने दिसतात, एक शेवटी धारण केलेला हुद्दा आणि एक पेन्शनसाठी धरलेला, जुन्या लोकांचे हे दोन वेगळेही असतात. छापताना शेवटी धारण केलेला घ्यायचा. आणखी एक, काही हवालदारांना निवृत्तीच्या वेळी ऑनररी नायब सुभेदार मिळतो, मामांना तो मिळालेला असेल आणि घरात कोणाला माहीतच नसेल असंही होतं, तेव्हा कागद बघाच. हवालदार निघाले तर "हवालदार अमुक (निवृत्त)" असं ताठ लिहा, प्रेषकात "आपले मेजरमामा" अशी वेगळी ओळ टाका हवी तर, टोपणनाव म्हणून, पोरं खूश होतील.

तर तुमची पत्रिका मी अशी लावली असती, नावं अर्थात मनाची घातलीत :

चि. समीर
(लेफ्टनंट कमांडर, भारतीय नौदल)

चि. सौ. कां. मृणाल
(कॅप्टन, आर्मी मेडिकल कोर)

निमंत्रक : ऑनररी कॅप्टन पांडुरंग (निवृत्त)
श्री. दिनकर (निवृत्त सहायक पोलीस निरीक्षक)
हवालदार तुकाराम (निवृत्त)

वहिनींच्या ओळीत डॉ. हवं असेल तर नावाआधी चि. सौ. कां. डॉ. मृणाल असं घ्या, मग खालच्या कंसात परत नको. आडनावं सगळ्यांची पूर्ण टाका, आणि घरात कोणाचं आडनाव नाईक असेल आणि हुद्दाही नाईक असेल तर तो हुद्दा "नायक" असा लिहा, नाहीतर "नाईक सुरेश नाईक" बघून ऑपरेटर एक नाईक चूक समजून उडवतो, माझ्यासमोर उडवलाय.

प्रुफ मोबाईलवर पाहून ओके देऊ नका. कागदावर प्रिंट मागवा, आणि मजकूर न वाचता आधी फक्त मात्रा, चंद्र आणि कंस बघा, बाबांच्या ओळीपासून सुरुवात करा.